आठ वर्षांचा अबोला आणि एक सल्ला

हे प्रकरण ऐरोलीत राहणाऱ्या एका बाईंचं आहे. रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीचा गोळ्या-कॅप्सूलचा प्लांट आहे. तिथे त्या १४ वर्षं क्वालिटी अ‍ॅशुरन्सला, म्हणजे क्यूएला होत्या. प्लांटमध्ये सगळे त्यांना मॅडम म्हणत. ज्यांच्याशी त्यांना पुन्हा बोलायचं होतं, ते त्यांच्याच विभागातले वरिष्ठ, सर. सरांनी ८ वर्षांपूर्वी ती कंपनी सोडली आणि ते रेग्युलेटरी अफेअर्सकडे, म्हणजे औषधांना सरकारी मंजुरी मिळवण्याच्या कामाकडे वळले. आज ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत त्या विभागाचे प्रमुख आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळून, दोघांच्या संमतीने मी हे लिहिते आहे, आणि इथेही त्यांना मॅडम आणि सर असंच म्हणते. माझं काम एचआरमधलं. मॅडम माझ्याकडे आल्या त्या बायोडेटा दाखवायला. पण आमचा बराचसा वेळ बायोडेट्यावर नाही, एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर गेला.

प्लांट गुजरातला हलणार हे व्यवस्थापनाने वर्षभर आधी सांगून टाकलं होतं. मॅडमना ऐरोली सोडणं शक्य नव्हतं. मुलगी दहावीत आणि सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. प्लांटमधलं काम गेलं तर ठाणे-नवी मुंबईत राहून करता येईल असं ऑफिसातलं काम कोणतं, हा त्यांचा प्रश्न होता. क्यूएच्या माणसाला रेग्युलेटरी जवळचं वाटतं. औषधाच्या मंजुरीसाठी सरकारी यंत्रणेकडे जो दस्तऐवज जातो, त्यातला गुणवत्तेचा भाग प्लांटच्याच कागदपत्रांतून तयार होतो. पण जवळचं वाटणं आणि चाळिशीत तिथे कुणी घेणं यात अंतर आहे. ते अंतर नेमकं किती, हे सांगणारं त्यांच्या रोजच्या माणसांत कुणीच नव्हतं. डब्याला एकत्र बसणाऱ्या सगळ्या जणी त्याच प्लांटमधल्या. सगळ्यांना त्याच चार जागा माहीत होत्या आणि सगळ्याच तिथे अर्ज करत होत्या.

हा अनुभव जुनाच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं की नवी माहिती बहुधा घट्ट मैत्रीतून येत नाही, दूरच्या ओळखीतून येते. घट्ट वर्तुळात सगळ्यांना तेच ठाऊक असतं. पुढे २०११ मध्ये डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांना मुद्दाम जुन्या, संपर्क तुटलेल्या ओळखींकडे कामाचा सल्ला मागायला लावलं. त्या सल्ल्याचं मोल रोजच्या माणसांच्या सल्ल्याहून कमी भरलं नाही, नवेपणात तर तो सरस ठरला. मधल्या वर्षांत समोरचा माणूस वेगळ्या जगात वावरलेला असतो, आणि तरी पूर्वीचा विश्वास पुरता पुसला गेलेला नसतो. मॅडमच्या बाबतीत सरांकडे जाण्याचं कारण नेमकं हेच होतं. अडचण पूर्वीच्या विश्वासाची होती.

अबोला कुठल्या जातीचा

लोक ‘बरेच दिवस बोलणं नाही’ असं सरसकट म्हणतात. पण न बोलण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. एकात दोघंही आपापल्या संसारात गुंतले, कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. दुसऱ्यात शेवटचं बोलणं एका बाजूला लोंबकळत राहिलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मॅडमना आपला प्रकार पहिला वाटत होता. मी त्यांना मेसेज लिहायच्या आधी जुनं चॅट वर सरकवून शेवटचा मेसेज कुणाचा आहे ते बघायला सांगितलं. फोन बदलल्यामुळे चॅट उरलं नव्हतं. मग घरच्या ईमेलमध्ये सरांचं नाव टाकून शोधलं आणि ते सापडलं. कंपनी सोडल्यानंतर महिन्याभराने सरांनी लिहिलं होतं, ‘निघताना नीट बोलता आलं नाही. तिथे सगळं ठीक ना? कळवत जा.’ त्याखाली काही नव्हतं.

उत्तर का दिलं नाही, हे मॅडमना लगेच आठवलं. सर स्पर्धक कंपनीत गेले होते. वरच्यांचा रोख असा होता की त्यांच्याशी संबंध ठेवणारा माणूस नजरेत यायचा. सगळेच गप्प बसले, त्याही बसल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, पण सरांच्या बाजूने चित्र काय होतं? ज्यांना त्यांनी काम शिकवलं, त्यांच्यातल्या एकीने साध्या चौकशीलाही उत्तर दिलं नाही. हे समजल्यावर पहिला मेसेज कसा असावा हे निम्मं ठरलं. हा शोध घेतल्याशिवाय कुणी जुन्या सहकाऱ्याला लिहू नये असं माझं ठाम मत आहे. शेवटचं देणं आपल्याकडे आहे हे माहीत नसताना लिहिलेला मेसेज कितीही गोड असला तरी समोरच्याला तो आपल्याला विसरून लिहिलेला वाटतो.

आणखी एक चौकशी केली. सरांसोबत काम केलेले आणि आता कोपरखैरण्यात राहणारे एक निवृत्त स्टोअर्सवाले काका होते. मॅडमनी त्यांना फोन करून सरांचा नंबर तोच आहे ना आणि घरचं सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारलं. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, त्यामुळे आठ वर्षं जुना नंबर तपासून घेतलेला बरा. घरच्यांची चौकशी त्याहून महत्त्वाची. घरात नुकतंच काही वाईट घडलं असेल आणि आपण नोकरीबद्दल लिहिलं, तर पुढचं सगळं संपतं. काकांनी सांगितलं की नंबर तोच, सर घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहायला गेलेत, मुलगा शिकायला बाहेर आहे.

मेसेजचे तीन खर्डे

मॅडमनी पहिला खर्डा आणला तो असा: ‘नमस्कार सर, कसे आहात? खूप वर्षांत बोलणं नाही. घरी सगळे मजेत ना?’ बेत असा की दिवाळी तोंडावर आहे, शुभेच्छा द्यायच्या, चारदोन दिवस इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग विषय काढायचा. बहुतेक जण हेच करतात, आणि ‘आधी संबंध ताजा करा, मग मागा’ असा सल्लाही सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. सर ‘मजेत, तू कशी आहेस?’ लिहितील, मॅडम ‘मी पण’ लिहितील, आणि पाचव्या-सहाव्या मेसेजला नोकरीचा विषय निघेल. त्या क्षणी सर मागे जाऊन पहिला मेसेज पुन्हा वाचतील, आणि घरच्यांची चौकशी खरी असली तरी ती पायरी होती असं त्यांना वाटेल. आधी चार आठवडे बोलत राहिलं तर हे टळत नाही, उलट वाढतं, कारण तेवढे दिवस हेतू झाकून ठेवला असा त्याचा अर्थ होतो.

दुसरा खर्डा उलट्या टोकाला गेला. त्यात पानभर माफी होती. त्या वेळची परिस्थिती, वरच्यांचा दबाव, मनाला लागलेली टोचणी, सगळं. हे वाचून सरांना पहिलं काम काय पडणार? मॅडमची समजूत घालण्याचं. आठ वर्षांनी आलेल्या माणसाने हे काम आपल्यावर टाकावं हे कुणालाही जड जातं. शिवाय लांब माफीनंतर आलेली विनंती, ही माफी तिच्यासाठीच होती असं भासवते.

तिसरा खर्डा आम्ही दोघींनी बसून केला. तो जसाच्या तसा देते:

‘सर, नमस्कार. मी रबाळ्याच्या क्यूएमधली. तुम्ही कंपनी सोडल्यावर मला मेल केली होती, तिला मी उत्तर दिलं नाही. तेव्हाचं वातावरण बघून गप्प बसले. ते बरोबर नव्हतं. चेंज कंट्रोलसाठी तुम्ही आखून दिलेला तक्ता आम्ही अजून वापरतो, मागच्याच महिन्यात एका नव्या मुलीला तो शिकवला. आमचा प्लांट पुढच्या वर्षी हलतोय आणि मला इथेच राहायचंय. क्यूएमधून रेग्युलेटरीकडे वळावं का, यावर तुमच्याशी वीसेक मिनिटं फोनवर बोलता येईल का? आत्ता सल्लाच हवा आहे. पुढे कुणाशी बोलावं हेही कदाचित विचारेन. सध्या कामात असाल तर सवडीने कळवा.’

यातल्या प्रत्येक वाक्यावर बोलणं झालं. चूक एकदा, तीन छोट्या वाक्यांत, कारणासकट पण कारणामागे न लपता. चेंज कंट्रोल म्हणजे प्लांटमधला प्रत्येक बदल तपासून नोंदवण्याची पद्धत. तिच्या तक्त्याचा उल्लेख आला कारण तो खरा आणि नेमका आहे. ‘तुमच्याकडून खूप शिकले’ हे वाक्य कुणालाही उद्देशून लिहिता येतं, तक्त्याचं वाक्य फक्त सरांनाच उद्देशून लिहिता येतं. सर्वांत जास्त वेळ मात्र शेवटाजवळ गेला. मॅडमना लिहायचं होतं, ‘नोकरीसाठी शब्द टाका असं म्हणत नाहीये.’ मी विचारलं, सरांनी कुणाचं नाव सुचवलं तर आवडेल का? त्या म्हणाल्या, आवडेल, तीच तर आशा आहे. मग ते वाक्य काढलं. नम्रपणाच्या नावाखाली लिहिलेलं ते वाक्य दोन महिन्यांनी खोटं ठरलं असतं. त्याजागी पुढे विचारण्याची शक्यता उघड ठेवली.

भेटायचं न म्हणता फोन म्हटलं, तेही विचार करून. ‘एकदा कॉफीला भेटू’ हे ऐकायला हलकं वाटतं, पण कामाच्या दिवशी संध्याकाळी घोडबंदरला राहणाऱ्या माणसाला ठाण्यात थांबवणं म्हणजे त्याची अख्खी संध्याकाळ मागणं. भेटायचं असेल तर ते त्याने सुचवावं.

लिंक्डइनवर न पाठवता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कारण दोघांचं सगळं बोलणं नेहमी मराठीत व्हायचं आणि लिंक्डइनवर मॅडमचा हात आपोआप इंग्रजी अर्जाच्या भाषेत जात होता.

निळ्या खुणा

मेसेज त्याच रात्री वाचला गेला आणि मग काहीच आलं नाही. सहाव्या दिवशी मॅडमना दुसरा मेसेज करायचा होता, मधल्या काळात सरांच्या लिंक्डइनवरच्या जुन्या पोस्टी लाइक करायच्या होत्या. दोन्ही थांबवलं. वाचून उत्तर न देण्याचे अर्थ बरेच असतात. कधी माणूस कामात असतो. कधी त्याला उत्तर नीट द्यायचं असतं म्हणूनच राहून जातं. जुनी गाठ असेल तर त्याला थोडा वेळही हवा असतो. एका रात्रीत पाच पोस्टी लाइक झालेल्या दिसल्या की त्याला ते मागे लागल्यासारखं वाटतं. आम्ही ठरवलं होतं की दोन आठवडे थांबायचं, मग एकच छोटा मेसेज आणि त्यानंतर विषय बंद. तिसऱ्यांदा विचारून मिळालेला सल्ला हा सुटका करून घेण्यासाठी दिलेला असतो.

तो दुसरा मेसेज लागला नाही. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी सरांचाच फोन आला. ऑडिट चालू होतं म्हणाले. नंतर थोडं थांबून म्हणाले, ‘तेव्हा वाईट वाटलं होतं गं. तुझंच नाही, सगळ्यांचंच.’ मॅडम ‘हो सर, वाटणारच’ एवढंच बोलल्या. हे आधी ठरलेलं नव्हतं, त्यांना ते आपसूक सुचलं, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. तिथे त्या स्पष्टीकरण देत बसल्या असत्या तर सरांना माघार घ्यावी लागली असती. त्या ऐकून थांबल्या, आणि सरच पुढे म्हणाले, ‘बोल, काय चाललंय?’

प्रश्न मॅडमनी लिहून ठेवले होते. ‘रेग्युलेटरीत स्कोप आहे का?’ असा पहिला प्रश्न होता, तो आम्ही आधीच खोडला होता. त्याला ‘आहे की’ याखेरीज उत्तर नाही. उरलेले दोन असे: चेंज कंट्रोल आणि डेव्हिएशन मला येतात, पण मंजुरीचा अर्ज मी कधी बांधलेला नाही, अशा माणसाला तुमच्या विभागात कोणत्या कामावर घेतात? आणि माझ्या वयाच्या माणसाने किती खालच्या पदावर यायची तयारी ठेवावी?

सरांच्या उत्तराने दिशाच बदलली. नव्या औषधाचे अर्ज तयार करणाऱ्या गटात जाऊ नकोस, म्हणाले, तिथे पंचविशीतली मुलं आहेत आणि ती तुझ्यापेक्षा वेगाने करतात. मंजुरीनंतरच्या बदलांचं काम बघ. मंजूर झालेल्या औषधात प्लांट काहीही बदलतो, मशीन, कच्च्या मालाचा पुरवठादार, बॅचचा आकार, तेव्हा तो बदल यंत्रणेला कसा कळवायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं. अमेरिकेच्या बाबतीत मोठ्या बदलाला आधी मंजुरी लागते, मधल्या बदलाला बहुतेकदा अर्ज देऊन ३० दिवस थांबावं लागतं, किरकोळ बदल वार्षिक अहवालात जातो. युरोपची विभागणी वेगळी. बदल मोठा की किरकोळ हे ज्याने प्लांटमध्ये उभं राहून बघितलंय त्याला लवकर कळतं, आणि तशी माणसं कमी आहेत. पदाबद्दल त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की एक पायरी खाली यावं लागेल. रबाळ्यातल्या डब्याच्या टेबलावर हे कुणी सांगू शकलं नसतं.

फोन पाऊण तास चालला. सरांनी कुणाचं नाव सुचवलं नाही. मॅडमनी मागितलंही नाही, आणि ते योग्य झालं.

ओळख मागण्याआधीचं काम

ओळख करून देणारा माणूस आपली पत पणाला लावतो. सरांना माहीत होत्या त्या आठ वर्षांपूर्वीच्या मॅडम. आजच्या मॅडमच्या कामाबद्दल ते काय सांगणार? ‘चांगली मुलगी होती’ एवढंच. अशी ओळख मिळाली तरी ती पोकळ असते, आणि ती देताना सरांनाही अवघड जातं. म्हणून ओळख मागण्याआधी सरांना आजचं काहीतरी दिसायला हवं होतं. सल्ला आणि ओळख यांच्यात अंतर ठेवायचं ते शिष्टाचारासाठी नाही, यासाठी.

मॅडमनी स्वतः हाताळलेले १२ बदल आठवून लिहिले, प्रत्येकासमोर तो अमेरिकेच्या विभागणीत कुठे बसेल आणि का, हे स्वतःच्या अंदाजाने लिहिलं. इथे एक मोठा धोका होता. त्यांचा पहिला विचार मूळ चेंज कंट्रोलच्या कागदांचे फोटो पाठवण्याचा होता. स्पर्धक कंपनीतल्या विभागप्रमुखाला आपल्या कंपनीचे कागद पाठवणं हा गोपनीयतेचा सरळ भंग, आणि सरांनाही त्यात ओढणं. औषधाचं नाव, ग्राहक, पुरवठादार, आकडे असं काहीही न येता ‘गोळीवर लेप देणारं मशीन बदललं, तत्त्व तेच, क्षमता मोठी’ इतपत वर्णन ठेवलं. तीन आठवड्यांनी तो दोन पानी तक्ता सरांना गेला, सोबत एकच ओळ: ‘तुम्ही सांगितलं ते करून बघितलं, कुठे चुकतेय ते सवडीने सांगा.’

सरांनी दोन नोंदी दुरुस्त केल्या. एका बदलाला मॅडमनी किरकोळ म्हटलं होतं, तो मधला निघाला. उरलेल्या दहांवर त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांचा स्वभाव माहीत असलेल्या मॅडमना त्याचा अर्थ कळला.

त्यानंतर ओळखीची विनंती गेली. महाप्यातल्या एका कंपनीत या कामाचा गट आहे आणि त्याच्या प्रमुख बाई सरांच्या परिचयाच्या आहेत, हे बोलण्यात आलं होतं. मॅडमनी लिहिलं: ‘सर, महाप्याच्या मॅडमशी बोलणं व्हावं असं वाटतं. त्यांना आधी विचारून मगच माझा नंबर द्याल का? खाली चार ओळी दिल्या आहेत, जशाच्या तशा पुढे पाठवता येतील. माझं नाव पुढे करणं तुम्हाला योग्य वाटत नसेल, तर प्लांटमधल्या माणसाला त्यांच्याकडे घेतात का, एवढं नाव न घेता कळलं तरी मला उपयोग आहे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ‘जमत नसेल तर राहू द्या’ असं सगळेच लिहितात, पण त्याने नकार सोपा होत नाही, कारण नकार द्यायचा म्हणजे पूर्णच द्यायचा. त्याजागी खरोखर लहान असं दुसरं काम पुढे ठेवलं की समोरच्याला मान राखून मागे सरता येतं. पुढे पाठवायच्या चार ओळींत वर्षं, काम, १२ बदलांचा सराव, ऐरोलीत राहणं आणि नोकरी कधी संपते ते होतं. सर भला माणूस आहेत हे त्यात नव्हतं, कारण तो मजकूर महाप्याच्या मॅडमनी वाचायचा होता.

सरांनी तो पुढे पाठवला, वर स्वतःची एक ओळ जोडून: ‘हिचं हल्लीचं काम मी बघितलंय.’ ही ओळ तक्त्याशिवाय आली नसती.

महाप्याची भेट चांगली झाली, जागा नव्हती. मॅडमनी त्याच संध्याकाळी सरांना हे कळवलं, काय बोलणं झालं तेही लिहिलं. ओळख वाया गेली की लोक लाजून गप्प होतात, आणि करून देणाऱ्याला महिन्याभराने तिसऱ्याकडून कळतं. मॅडमच्या बाबतीत तो दुसरा अबोला ठरला असता. निरोप वाचून सरांनी आपणहून दुसरं नाव दिलं, तुर्भ्यातल्या एका सल्लागार फर्मचं, आणि सोबत हेही सांगितलं की आपल्या कंपनीत जागा निघाली तरी निवडीत मी बसणार नाही, ते योग्य दिसणार नाही.

या प्रकरणात मॅडमच्या हाताशी वर्ष होतं, हे विसरून चालणार नाही. दोन आठवड्यांत नोकरी जाणार असती तर तक्ता, तीन आठवडे, हे काही परवडलं नसतं. तेव्हा पहिल्याच मेसेजमध्ये घाई आहे असं सांगून ओळखच मागावी लागली असती, आणि पोकळ ओळखीवर भागवावं लागलं असतं. तसंच, लोंबकळलेलं देणं सरांच्या बाजूचं असतं, म्हणजे मॅडमनी लिहिलं आणि सरांनी उत्तर दिलं नाही असं असतं, तर जुन्या गोष्टीचा उल्लेख मी अजिबात करू दिला नसता. तो तगादा वाटला असता.

तुर्भ्याच्या फर्मने मॅडमना आधी सहा महिन्यांच्या करारावर घेतलं, पद एक पायरी खाली, सरांनी सांगितलं होतं तसंच. प्लांट हलायच्या दोन महिने आधी त्या तिथे रुजू झाल्या.